पानाचा तोल नेमका कुठं? दोन कर्व्हच्या मधल्या भागाचा सेंट्रॉइड

परवा संध्याकाळच्या बॅचला डिप्लोमाची एक पोरगी वही घेऊन आली. आमचा क्लास जुळे सोलापुरात, घराच्याच वरच्या खोलीत. म्हणाली, "सर, x चं उत्तर जुळतंय ओ, पण y चं काही केल्या जुळंना." गणित नेहमीचंच होतं. वरून y = √x, खालून y = x², दोघं (०,०) ला भेटतात आणि परत (१,१) ला भेटतात, मधे पानासारखा आकार तयार होतो, त्या पानाचा सेंट्रॉइड काढा. तिचं उत्तर होतं x ला ०.४५ आणि y ला ०.१९३. मी वही नीट उघडलीसुद्धा नव्हती, नुसतं उत्तर बघून म्हणलं, चुकलंय. ती म्हणाली, "स्टेप न बघताच?"

हो, न बघताच. ते कसं कळतं ते सांगतो, पण आधी सेंट्रॉइड म्हणजे काय हे एकदा नीट बघू, कारण फॉर्म्युला पाठ असलेली पोरं इथंच आपटतात.

कावड डोळ्यासमोर आणा. दीड मीटरचा बांबू, एका टोकाला २० किलो, दुसऱ्या टोकाला १० किलो, बांबूचं वजन सोडून द्या. खांदा कुठं लावणार? मधोमध लावला तर जड बाजू खाली जाणार हे कुणीबी सांगेल, म्हणून खांदा जड बाजूकडं सरकवायचा. किती सरकवायचा? २० किलोच्या टोकापासून मोजायला लागा. २० किलो शून्य अंतरावर आहे, १० किलो १५० सेंटिमीटरवर आहे. वजन गुणिले अंतर, याला मोमेंट म्हणतात, तर एकूण मोमेंट झाला १५००, एकूण वजन ३०, भागलं की ५०. म्हणजे जड टोकापासून ५० सेंटिमीटरवर खांदा, आणि हा तोलाचा बिंदू म्हणजेच सेंट्रॉइड. पडताळायचं असेल तर खांद्यापासून मोजा, एकीकडं २० × ५० आणि दुसरीकडं १० × १००, दोन्ही हजार. झालं. सेंट्रॉइडचा सगळा फॉर्म्युला एवढाच आहे, एकूण मोमेंट भागिले एकूण वजन. सपाट आकारात सगळीकडं जाडी सारखी धरतो म्हणून वजनाच्या जागी क्षेत्रफळ येतं, बाकी काही बदलत नाही.

आता पान. दोन टोकांना दोन वजनं असती तर सोपं होतं, पण इथं वजन सगळीकडं पसरलंय. म्हणून पानाच्या उभ्या बारीक पट्ट्या करायच्या. ज्यांच्या घरात लूम होता त्यांना मी सांगतो की हे पान म्हणजे फक्त ताण्याच्या उभ्या धाग्यांचं कापड समज, बाणा काढून टाक. x या जागचा धागा खाली x² पासून सुरू होतो आणि वर √x ला संपतो, म्हणजे त्याची लांबी √x − x². सगळ्या धाग्यांच्या लांब्या मिळवल्या की क्षेत्रफळ:

```
A = ∫₀¹ (√x − x²) dx = 2/3 − 1/3 = 1/3
```

पुढं x̄ साठी. अख्खा धागा y अक्षापासून x एवढ्या अंतरावर उभा आहे, वरचं टोक असो नाहीतर खालचं, अंतर तेच. म्हणून लांबी गुणिले x:

```
M_y = ∫₀¹ x(√x − x²) dx = 2/5 − 1/4 = 3/20
x̄ = (3/20) ÷ (1/3) = 9/20
```

इथं एक नाव गोंधळ घालतं. x̄ काढायला M_y लागतो, M_x नाही. खाली लिहिलेला y सांगतो की y अक्षाभोवतीचा मोमेंट, आणि y अक्षापासूनचं अंतर म्हणजे x. पोरं अक्षर बघून जोड्या लावतात आणि दोन्ही उत्तरं एकमेकांच्या जागी लिहून मोकळी होतात. या गणितात तर ती चूक कळणारच नाही, का ते पुढं येईलच.

आता y, म्हणजे जिथं आमच्या पोरीची गाडी अडली. x अक्षापासून धाग्याचं अंतर किती म्हणायचं? धागा तर उभा आहे, त्याचा खालचा भाग जवळ, वरचा लांब. एकसारखा धागा असला की त्याचं सगळं वजन मधल्या बिंदूवर आहे असं धरता येतं, आणि मधला बिंदू म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकाची सरासरी, (√x + x²)/2. लांबी √x − x². या दोघांचा गुणाकार केला की बेरीज गुणिले वजाबाकी, म्हणजे वर्गांची वजाबाकी:

```
M_x = ∫₀¹ ½(√x + x²)(√x − x²) dx
    = ½ ∫₀¹ (x − x⁴) dx = ½(1/2 − 1/5) = 3/20
ȳ = (3/20) ÷ (1/3) = 9/20
```

दोन्ही ०.४५. पोरीनं काय केलं होतं? वर्गांची वजाबाकी घ्यायच्या ऐवजी वजाबाकीचा वर्ग घेतला, ½(√x − x²)². दिसायला फरक एवढासाच, पण आकडा येतो 9/140, त्याला एक तृतीयांशनं भागलं की 27/140, म्हणजे ०.१९३. आमच्या बॅचला ही चूक दर वर्षी होते, आणि दर वर्षी मी "फॉर्म्युला नीट लिहा" एवढंच म्हणून पुढं जायचो. या वेळी मात्र जरा थांबलो, कारण या चुकीच्या उत्तराला स्वतःचा एक अर्थ आहे आणि तो कळला की चूक परत होत नाही.

समजा प्रत्येक धागा पकडून खाली ओढला आणि सगळ्यांचे पाय x अक्षावर टेकवले. लांबी तीच, जागा तीच, फक्त उंची बदलली. आता खालचं टोक शून्यावर, वरचं टोक √x − x² वर, मधला बिंदू त्याच्या निम्म्यावर. लांबी गुणिले मधला बिंदू म्हणजे बरोबर ½(√x − x²)². म्हणजे पोरीनं गणित बरोबरच सोडवलं होतं, पण वेगळ्याच आकाराचं! जमिनीवर पाडलेल्या पानाचं. आणि धागे उभेच्या उभे खाली ओढले तर x च्या दिशेनं काहीच हलत नाही, म्हणून तिचा x̄ बरोबर आला आणि फक्त ȳ चुकला. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी पान पाडलं होय." आता बॅचमधे कुणी ही चूक केली की पोरं तेच म्हणतात, पान पाडलंस बे.

बरं, मला उत्तर बघून कसं कळलं? √x आणि x² हे एकमेकांचे आरसे आहेत. y = x² मधे x आणि y ची अदलाबदल केली की x = y², आणि त्याचाच वरचा अर्धा भाग y = √x. म्हणजे y = x या तिरक्या रेषेवर कागद दुमडला तर पानाचा वरचा अर्धा खालच्यावर बरोबर बसतो. ज्या रेषेवर आकार असा दुमडता येतो त्या रेषेवरच सेंट्रॉइड असायला पाहिजे, कारण रेषेच्या एका बाजूच्या प्रत्येक कणाला दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर जोडीदार आहे, दोघांचे त्या रेषेभोवतीचे मोमेंट एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून x̄ आणि ȳ सारखेच यायला पाहिजेत. ०.४५ आणि ०.१९३ दिसले की विषय संपला, पुढं वाचायची गरजच नाही. M_x आणि M_y ची अदलाबदल केली तर इथं का कळत नाही तेही आता लक्षात आलं असेल, दोन्ही आकडे एकच आहेत.

दुसरीही एक तपासणी होती. x = ०.४५ ला पान खाली ०.२०२५ पासून सुरू होतं, म्हणजे (०.४५, ०.१९३) हा बिंदू पानाच्या बाहेर, अगदी काठाच्या जरासा खाली पडतो. पान सगळीकडून बाहेरच्या बाजूला फुगलेलं आहे, कुठंही आत खचलेलं नाही, असल्या आकाराचा सेंट्रॉइड आतच असतो. पण हा नियम सगळीकडं लावू नका. तुटलेल्या बांगडीच्या तुकड्यासारखा आकार घ्या, y = x² आणि y = x² + 0.1 यांच्या मधला, x −१ पासून १ पर्यंत. त्याचा ȳ येतो साधारण ०.३८, आणि x = ० ला आकार आहे फक्त ० ते ०.१ पर्यंत. म्हणजे सेंट्रॉइड हवेत, बांगडीच्या पोकळीत, आणि तरी उत्तर बरोबर आहे.

आता सिमेट्रीचा धोका. एकदा पोरांना हे चेकिंग आवडायला लागलं की ती नसलेली सिमेट्री पण बघायला लागतात. पाटीवर हे पान काढलं आणि सेंट्रॉइड कुठं असेल असं विचारलं की मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, मधे, (०.५, ०.५). हातानं काढलेलं पान दोन्ही टोकांना सारखंच दिसतं म्हणून. पण टोकं बारीक बघा. (०,०) ला √x सरळ उभा निघतो आणि x² सपाट निघतो, दोघांमधे ९० अंशाचा कोन. (१,१) ला √x चा उतार अर्धा आणि x² चा उतार २, मधला कोन साधारण ३७ अंश. म्हणजे खालचं टोक बोथट आणि रुंद, वरचं टोक टोकदार. खाली माल जास्त आहे, तर तोल खाली सरकणारच, म्हणून ०.५ नाही तर ०.४५. तिरक्या रेषेवर आहे हे सिमेट्रीनं सांगितलं, पण रेषेवर नेमका कुठं हे सिमेट्री सांगत नाही, त्याला इंटिग्रेशन करावंच लागतं.

आणि खरी गोम पुढं आहे. त्याच बॅचमधे एका पोराचं उत्तर आलं (०.२२५, ०.२२५). x आणि y सारखे, बिंदू पानाच्या आत, खालच्या बोथट टोकाकडं सरकलेला पण आहे, सगळ्या तपासण्या पास. आणि उत्तर चूक! त्यानं √x चं इंटिग्रल घेताना 2/3 ने गुणायचं विसरून नुसतं x^(3/2) लिहिलं, म्हणून क्षेत्रफळ आलं 1 − 1/3 = 2/3, खऱ्याच्या दुप्पट. मोमेंट दोन्ही बरोबर काढले होते, पण भागाकार दोघांनाही त्याच चुकीच्या आकड्यानं झाला, तर दोघंही सारखेच चुकले आणि सारखेपणा टिकून राहिला. सिमेट्री अशी चूक पकडूच शकत नाही. x ला आणि y ला वेगवेगळी चूक असेल तरच ती दिसते, दोघांना सारखीच चूक असेल तर ती गप्प बसते. दुकानातला काटाच खोटा असला तर दोन पिशव्या एकमेकींशी किती का जुळेनात, वजन खोटंच.

मग ही चूक पकडायची कशी? इथं मला एक युक्ती फार आवडते, आणि तिला एकही नवीन अवघड इंटिग्रल लागत नाही. १ × १ चा चौकोन घ्या. त्यात √x आणि x² दोन्ही काढले की चौकोनाचे तीन तुकडे होतात, वरचा डावा, मधलं पान, खालचा उजवा. खालच्या उजव्या तुकड्याचं क्षेत्रफळ x² च्या खालचं, म्हणजे एक तृतीयांश. वरचा डावा त्याचाच आरसा, तोही एक तृतीयांश. उरलं काय? एक तृतीयांश. पानाचं क्षेत्रफळ दोन तृतीयांश येऊच शकत नाही, आणि हे √x चं इंटिग्रल न घेता कळलं.

आता पुढचं. तिन्ही तुकडे सारख्या वजनाचे, तर अख्ख्या चौकोनाचा सेंट्रॉइड म्हणजे तिघांच्या सेंट्रॉइडची साधी सरासरी. चौकोनाचा तर माहीतच आहे, (०.५, ०.५). खालच्या उजव्या तुकड्याचा x̄ काढा:

```
∫₀¹ x·x² dx = 1/4 ;  x̄ = (1/4) ÷ (1/3) = 3/4
½∫₀¹ x⁴ dx = 1/10 ;  ȳ = (1/10) ÷ (1/3) = 3/10
```

म्हणजे (०.७५, ०.३). वरचा डावा आरसा असल्यामुळं त्याचा (०.३, ०.७५), तिथं काही काढायचंच नाही. आता x ची सरासरी ०.५ यायची तर तिघांची बेरीज १.५ पाहिजे. दोघांची झाली १.०५. पानाच्या वाट्याला उरले ०.४५. y चं पण तसंच. हे उत्तर पूर्ण वेगळ्या वाटेनं आलं, √x ला हातच लावला नाही, म्हणून याला खरी तपासणी म्हणायची. ०.२२५ वाला पोरगा इथं लगेच सापडला. नुसतं तेच इंटिग्रेशन परत करणं ही तपासणी नाही, माणूस दुसऱ्यांदा पण तिथंच घसरतो.

पोरीचं तरी समाधान होईना, म्हणाली कागदावर सगळंच जुळतं. मग टॉवेलच्या पॅकिंगमधला पातळ पुठ्ठा घेतला, आमच्याकडं तो कुणाच्याही घरी निघतो. २० सेंटिमीटरचा चौकोन आखला. x = ५ सेंटिमीटरला वरचा बिंदू १० वर आणि खालचा १.२५ वर, असे दहाएक बिंदू काढून पान कापलं. टोकापासून टोकापर्यंत तिरकं मोजलं तर २८.३ सेंटिमीटर. मधोमध म्हणजे १४.१ वर, आणि आपलं गणित म्हणतं बोथट टोकापासून १२.७ वर. जवळजवळ दीड सेंटिमीटरचा फरक, डोळ्याला दिसण्यासारखा. काठाजवळ भोक पाडून टाचणीवर पान लोंबकळत ठेवलं, त्याच टाचणीला दोऱ्यानं नट बांधून सोडला, दोऱ्याच्या मागं पेन्सिलनं रेघ मारली. मग दुसऱ्या भोकातून तसंच. भोक जरा सैल पाहिजे, घट्ट असलं की पान मोकळं झुलत नाही आणि रेघ खोटी येते, पहिल्यांदा आमचं तेच झालं. तिसऱ्या भोकातून मारलेली रेघ पहिल्या दोन रेघांच्या छेदातून गेली तर काम नीट झालंय समजायचं. आमच्या तीन रेघांचा बारीकसा त्रिकोण झाला, साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास. १४.१ च्या जवळपास पण नाही. पेनच्या टोपणावर ठेवून बघितलं तर पान क्षणभर आडवं राहिलं आणि मग पडलं, तेवढं पुरे.

जाताजाता तिनं अजून एक गणित दाखवलं, y = x आणि y = x³, x −१ पासून १ पर्यंत. तिचं क्षेत्रफळ शून्य आलं होतं आणि मोमेंट भागिले शून्य करायला कॅल्क्युलेटर तयार नव्हता. इथं वरचा कोण आणि खालचा कोण हे मधेच बदलतं. ० ते १ मधे x वर आहे, −१ ते ० मधे x³ वर आहे, आणि एकच वजाबाकी सगळीकडं लावली की डावा भाग उणे येऊन उजव्याला खाऊन टाकतो. तुकडे दोन करायचे. उजव्याचं क्षेत्रफळ 1/4, M_y = 1/3 − 1/5 = 2/15 म्हणून x̄ = 8/15, आणि M_x = ½(1/3 − 1/7) = 2/21 म्हणून ȳ = 8/21. डावा तुकडा म्हणजे उजवाच (०,०) भोवती अर्धा फेरा फिरवलेला, त्याचा सेंट्रॉइड (−8/15, −8/21). दोघं सारख्या वजनाचे, सरासरी (०,०). इथं आरसा नाहीच, दुमडून बसणार नाही, फिरवल्यावर बसतं, आणि फिरवून बसणाऱ्या आकाराचा सेंट्रॉइड त्या फिरण्याच्या बिंदूवरच येतो, जिथं हे दोन तुकडे एकमेकांना फक्त टोकाला चिकटलेत.